नाचणीची खीर: पाण्यातली की दूध-गुळातली? आठ महिने वजनकाट्यावर मोजून

लेक बावीस महिन्यांची असताना, ऑगस्टात, सकाळच्या नाचणीच्या खिरीचं काम माझ्याकडे आलं. बायको आठला घरून निघते, माझं ऑफिस उशिराचं. आता एप्रिल संपत आलाय. पहिले दोन महिने मी खीर पाण्यात शिजवली, नंतर पूर्ण दुधात, आणि गेले चार-साडेचार महिने दोन्हींच्या मधली. त्याचा हा हिशोब.

पाण्याने सुरुवात केली, कारण दुधात केली की जड होते असं कुणीतरी सांगितलं होतं. पोरगी वाटीभर खायची आणि साडेनऊला पुन्हा खाऊच्या डब्याभोवती घुटमळायची. आई कामठीहून आली की म्हणायची, "पोरीले पाणीच पाजून राह्यला का बाप्पा तू?" मला राग यायचा. नाचणी पौष्टिक असते हे तिनेच तर शिकवलं होतं.

मग एकदा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काढला. पहिला धक्का चमच्याचा बसला. मी रोज 'दोन चमचे पीठ' घालायचो, ते एका दिवशी 14 ग्रॅम भरलं, दुसऱ्या दिवशी 26. चमचा तोच, फक्त शीग कमी-जास्त. त्या दिवसापासून पीठ, दूध आणि गूळ तिन्ही कच्चे असताना मोजतो. शिजलेल्या खिरीची वाटी मोजण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं जास्त आटली की तीच खीर कमी वाटीत बसते आणि प्रत्येक घासातले आकडे बदलतात. मोबाइलच्या ॲपमध्ये 'नाचणी खीर, एक वाटी' असं लिहून जो आकडा येतो, तो कुणाच्या खिरीचा आहे हे देवाला ठाऊक.

आता 20 ग्रॅम पिठाचं उदाहरण घेऊ. एवढ्या पिठात साधारण 64 कॅलरी, 13 ग्रॅम कर्बोदकं, सव्वादोन ग्रॅम तंतू, 1.4 ग्रॅम प्रथिनं, आणि स्निग्ध पदार्थ अर्धा ग्रॅमही नाहीत. पाण्यात शिजवलं की पोटात जातं ते एवढंच, पाणी काहीच भर घालत नाही. दहा ग्रॅम गूळ टाकला तर आणखी 36 कॅलरी येतात, पण त्या जवळपास सगळ्या साखरेच्या. म्हणजे गोड वाटीत शंभर कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी आणि बाराएक ग्रॅम प्रथिनं लागतात. पोट भरल्यासारखं वाटायचं ते पाण्याने. आईचं बोलणं खरं होतं.

आता तेच पीठ आणि तोच गूळ, फक्त पाण्याऐवजी 200 मिली टोन्ड दूध (3 टक्के फॅटचं). एकूण कॅलरी 215 ते 220, प्रथिनं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, स्निग्ध पदार्थ साडेसहा, कर्बोदकं 31-32 ग्रॅम. प्रथिनं पाचपट झाली आणि ती भर सगळी दुधाची. शिवाय नाचणीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, दुधात ते भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकत्र घेतलेलं शरीराला जास्त उपयोगी पडतं. कॅल्शियमचंही तसंच. नाचणीचं नाव कॅल्शियमसाठी घेतात, पण 20 ग्रॅम पिठात ते 70 मिलिग्रॅमच्या थोडं वर आहे, आणि एवढ्या दुधात त्याच्या तिप्पट.

हे कळल्यावर मी उत्साहाच्या भरात दुसऱ्या टोकाला गेलो. फुल क्रीम दूध, 250 मिली, आणि लेकीला आवडतो म्हणून गूळ 20 ग्रॅम. वाटी साडेतीनशे कॅलरीपर्यंत गेली. पंधरा दिवसांत दुपारचं वरण-भात ताटात उरायला लागलं, आणि पाण्यातली खीर तर तिने तोंडातून बाहेरच काढली, गोडाची सवय लागली होती. त्यात दिवसभराचं दूध अर्ध्या लिटरच्या पुढे जायला लागलं. बालरोगतज्ज्ञांनी आधीच बजावलं होतं की दूध त्याच्यावर गेलं की मूल जेवणाला बसत नाही आणि लोह कमी पडतं. नाचणीतल्या लोहाला तिच्यातली फायटेट्स आधीच अडवतात, दुधातलं कॅल्शियम त्यात भर घालतं. गुळाने लोहाची भरपाई होते हे मी घरी-दारी ऐकलं होतं, पण दहा ग्रॅम गुळात ते अर्धा मिलिग्रॅमही नसतं. गूळ चवीपुरताच.

डिसेंबरपासूनची माझी खीर अशी: 20 ग्रॅम पीठ 80 मिली गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात घातलं तर गुठळ्या ठरलेल्या), मंद आचेवर सहा-सात मिनिटं, कच्चा वास जाऊन रंग गडद आणि चकचकीत होईपर्यंत ढवळायचं. मग 120 मिली टोन्ड दूध घालून एक उकळी. सुरुवातीपासून दुधातच शिजवलं तर पीठ शिजेपर्यंत दूध बुडाला लागतं, ते मी पाचेक वेळा करून पाहिलंय. गूळ आता 6 ग्रॅम. एकूण 155 कॅलरी, प्रथिनं पाच ग्रॅमच्या वर, स्निग्ध पदार्थ चार, कर्बोदकं 24. लेक दुपारी जेवते.

गुळाने दूध तीनदा फाटलं. गुळात थोडं आम्ल असतं, उकळत्या दुधात खडा टाकला की खिरीत बारीक कण दिसायला लागतात आणि पाणी सुटतं. आता गूळ दोन चमचे पाण्यात उकळून, गाळून (इतवारीतून आणलेल्या चांगल्या गुळातही काड्या निघतात) गार करतो, आणि खीर कोमट झाल्यावरच मिसळतो. त्यानंतर एकदाही फाटलं नाही.

पाण्यातली खीर मी सोडलेली नाही, फक्त तिची वेळ बदलली. ज्या दिवशी दूध आधीच बरंच झालंय, त्या दिवशी दुपारी चारला ती देतो, वरून एक छोटा चमचा तूप (5 ग्रॅम, 45 कॅलरी) घालून. संत्र्याचा मोसम असेपर्यंत सोबत चार फोडी असायच्या. क जीवनसत्त्वामुळे नाचणीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, आणि दूध नसल्याने आडवं येणारं एक कारण कमी. प्रथिनं मात्र तुपाने वाढत नाहीत, त्या दिवशी रात्री डाळ किंवा अंडं असतंच.

पाण्यातल्या खिरीत जास्त पीठ मावावं म्हणून मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठही वापरून पाहिलं. मोड येताना तयार होणारं अमायलेज स्टार्च तोडतं, त्यामुळे 20 ऐवजी 30 ग्रॅम पीठ घालूनही खीर चमच्यावरून ओघळते. युक्ती खरी आहे, पण भिजवणं, मोड, वाळवणं, दळणं हे दर पंधरवड्याला मला जमलं नाही. विकतच्या सत्त्वाच्या पाकिटाचा घटक-तक्ता पाहा. आमच्याकडे आलेल्या एकात साखर दुसऱ्या क्रमांकावर होती.

सध्या नागपुरात पारा 43 वर आहे. दुधातली खीर डब्यात घालून पाळणाघरात पाठवायची चूक एकदा केली, दुपारी झाकण उघडताच आंबट वास. आता सकाळची वाटी घरीच संपवून जाते, आणि डब्यात जातो तो भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा लाडू.