समज, कॅप्टन की पिवळं कार्ड? नव्या फुटबॉल रेफ्रीसाठी

खेळाडू निर्णयावर वाद घालायला लागला की रेफ्रीकडे तीन वाटा असतात. जाताजाता समज द्यायची, कॅप्टनला बोलवायचं, नाहीतर पिवळं कार्ड दाखवायचं. नवे रेफ्री पहिलीच वाट तीन-तीनदा वापरतात आणि तिथेच सामना हातातून जातो.

समज स्वस्त असते, खेळ थांबत नाही. पण एका खेळाडूवर ती एकदाच चालते. वैतागून स्वतःशीच पुटपुटणाऱ्याला ती पुरते. "सर, काय बघता तुम्ही!" असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं कुणी ओरडलं, हात उडवले किंवा कुत्सितपणे टाळ्या वाजवल्या, तर समज कमी पडते. तिथे थेट कार्ड. बाकीचे एकवीस जण तुमच्याकडेच बघत असतात. शिवीगाळ किंवा अपमान झाला, तर मात्र लालच.

दोघं-तिघं धावून आले की कॅप्टनची वाट उत्तम. 2025-26 च्या नियमावलीत 'फक्त कॅप्टननेच रेफ्रीशी बोलावं' यासाठी मार्गदर्शक सूचना आहेत, पण त्या स्पर्धेने स्वीकारलेल्या असाव्या लागतात. म्हणून सामन्याआधी आयोजकांना विचारून घ्या. कॅप्टन गोलकीपर असेल, तर बोलायला मैदानातला कोण, हेही नाणेफेकीच्या वेळी ठरवा. या वाटेचा तोटा एकच: कॅप्टन स्वतःच तापलेला असेल, तर तिचा उपयोग नाही.

माझ्या एका सामन्यात सत्तराव्या मिनिटाला बचावपटूच्या हाताला बॉल लागला. मी पेनल्टी दिली. सहा नंबर धावत आला, मागे आणखी दोघं. मी दोन पावलं मागे सरकलो, तळहात पुढे धरला आणि मुद्दाम हळू आवाजात म्हणालो, "हात खांद्याच्या वर होता, म्हणून पेनल्टी." हळू बोललं की ऐकायला समोरच्याला गप्प व्हावं लागतं. कारण एका वाक्यात, तेही एकदाच. "मला वाटलं" असं म्हणू नका, त्यातून वाद पुन्हा उघडतो. मग कॅप्टनला सांगितलं, "यांना बॉक्सच्या बाहेर घ्या." दोघं गेले. सहा नंबर "चोरी आहे ही!" असं ओरडला. त्याला बाजूला बोलावलं, हातभर अंतर ठेवलं आणि कार्ड दाखवलं. नाकाला नाक लावून कार्ड काढलं तर ढकलाढकली होते. नंबर आणि मिनिट लिहून होईपर्यंत शिट्टी वाजवली नाही. तेवढ्या वेळात माझाही श्वास जागेवर आला.

चूक झाल्याची शंका असेल, तर पेनल्टी घेण्याआधीच लाइन्समनला विचारा. खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही, आणि त्यानंतर कुणी विचारलंच, तर हेच सांगून पुढे पळा.