मर्व्ह ८, ११ की १३? एक इंची खाचेत काय चालतं आणि काय गोठतं

आमच्या घरी एसी घरातली हवा जिथून परत ओढतो त्या छतातल्या रिटर्नच्या जाळीमागे १६×२५×१ इंच मापाचा फिल्टर बसतो. डॅलसच्या आसपासच्या बऱ्याच घरांत असाच असतो. दुकानात याच मापात मर्व्ह ८, ११ आणि १३ असे तिन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि तिन्ही त्या खाचेत बरोबर बसतात. गोची तिथेच आहे. खाचेत बसला म्हणजे हवा ढकलणाऱ्या ब्लोअरला झेपला, असं होत नाही.

मर्व्ह हा आकडा अ‍ॅशरेच्या ५२.२ या चाचणीतून येतो आणि तो फक्त किती कण अडतात ते सांगतो. कणांचे तीन गट पाडलेले असतात. मर्व्ह ८ ने ३ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे परागकण आणि घरातली धूळ या मापाचे, किमान ७० टक्के कण धरायला हवेत. सगळ्यात बारीक गटासाठी, म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनसाठी, त्याला काही अटच नाही. मर्व्ह ११ ला या बारीक गटातले २० टक्के आणि मर्व्ह १३ ला ५० टक्के अडवावे लागतात. वणव्याचा धूर, फोडणीचा धूर हे सगळं या बारीक गटात येतं. म्हणून धुराचा त्रास असेल तर १३ कडे ओढा असणं रास्त आहे. मुलीला धुराने खोकला येतो म्हणून मीही तोच आणला. (काही खोक्यांवर मर्व्हऐवजी एमपीआर किंवा एफपीआर असतो. त्या कंपन्यांच्या आणि दुकानांच्या स्वतःच्या मोजपट्ट्या आहेत. खोक्यावर बारीक अक्षरात मर्व्ह शोधा आणि त्यावरूनच तुलना करा.)

या आकड्यात हवा किती अडते ते कुठेच नसतं. त्याला प्रेशर ड्रॉप म्हणतात आणि तो इंच पाण्यात मोजतात. काही फिल्टरच्या चौकटीवर छापलेला असतो, पण कोणत्या सीएफएमला, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवेला मोजला ते बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आमचा हिशेब असा. एसी तीन टनाचा. टनाला साधारण ४०० सीएफएम धरले तर मिनिटाला १२०० घनफूट हवा. फिल्टर १६×२५, म्हणजे ४०० चौरस इंच, म्हणजे २.७८ चौरस फूट. भागाकार केला तर हवा मिनिटाला ४३२ फूट वेगाने कागदातून जायला हवी. एक इंची दाट फिल्टरसाठी हा वेग फार झाला. तीनशेच्या आसपास असता तर जमलं असतं. २०×२५ चा रिटर्न असता तरी ३४६ झाला असता.

फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे मॅनोमीटर लावून बघितलं. कोऱ्या मर्व्ह ८ वर ०.१७ आणि कोऱ्या मर्व्ह १३ वर ०.३४. आमच्या युनिटच्या पाटीवर डक्ट, फिल्टर वगैरे सगळं मिळून ०.५ ची मर्यादा लिहिलेली आहे. म्हणजे कोरा फिल्टर एकटाच दोन तृतीयांश खाऊन बसला. त्यात पाच आठवड्यांची धूळ आणि कुत्र्याचे केस.

ब्लोअर जुन्या पद्धतीच्या पीएससी मोटरचा असेल तर अडथळा वाढला की हवा सरळ कमी होते. नवी ईसीएम मोटर हवा टिकवायला धडपडते. मग हवा बऱ्यापैकी मिळते, पण आवाज आणि वीज दोन्ही वाढतात, आणि तिचीही हद्द असतेच. आमची पीएससी.

आता बर्फ. कॉइलमधला गॅस नीट चालताना साधारण ४० अंश फॅरेनहाइटला उकळतो, आणि ती उष्णता त्याला घरातल्या हवेतून मिळते. हवा कमी आली की उष्णता कमी, गॅसचा दाब उतरतो, त्याबरोबर कॉइलचं तापमानही. ते ३२ च्या खाली गेलं की कॉइलच्या पातळ पत्र्यांवरचं पाणी, जे एरवी ठिबकून ड्रेनमध्ये जातं, तिथेच गोठतं. बर्फाने फटी बुजतात, हवा आणखी कमी होते, आणखी बर्फ धरतो. एकदा सुरू झालं की काही तासांत कॉइलची लादी होते. आपल्याकडच्या स्प्लिट एसीची जाळी महिनोन्‌महिने धुतली नाही की आत बर्फ धरतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे कॉइल अ‍ॅटिकमध्ये असते आणि आपल्याला कळतं तेव्हा छतावर पाण्याचा डाग आलेला असतो.

आमच्याकडे थर्मोस्टॅट ७२ वर, घर ७९ वर, आणि व्हेंटमधून जेमतेम झुळूक. वर चढून बघितलं तर जाड तांब्याच्या पाइपवर पांढरा थर. त्या आधीच्या आठवड्यात मी सहज रिटर्नला आणि व्हेंटला थर्मामीटर लावला होता: रिटर्नला ७६, व्हेंटला ५२. चोवीस अंशांचा फरक बघून मी खूश झालो होतो, एसी काय झकास गार करतोय म्हणून! वीसच्या आसपास असतो तो ठीक. त्याहून बराच जास्त म्हणजे हवा कमी. गॅस कमी असला तरीही बर्फ होतो, पण तेव्हा हा फरक सहसा घटतो. एसीवाल्याने आल्या आल्या गॅस भरायची भाषा केली, तर आधी फिल्टर काढून, बर्फ पूर्ण वितळवून, मग मोजायला सांगा. गोठलेल्या कॉइलवर घेतलेल्या गॅसच्या मापावर भरवसा ठेवू नये.

वितळवायचं म्हणजे कूलिंग बंद, पंखा ऑन. बर्फ जाड असेल तर सहा-आठ तास सहज जातात. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च वेगळाच. आणि बर्फावर तसंच चालवत राहिलात तर न उकळलेला द्रव गॅस कॉम्प्रेसरपर्यंत जातो, आणि तो भाग सगळ्यात महाग.

हे खरं की नुसत्या मर्व्ह १३ ने सगळ्यांचा एसी गोठत नाही. रिटर्न मोठा आहे, कॉइल स्वच्छ आहे, वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट कोणी बंद केलेले नाहीत, अशा घरात तो वर्षानुवर्षं चालतो. आमच्याकडे रिटर्न लहान, आणि पाहुण्यांच्या खोलीचे दोन व्हेंट मीच बंद केलेले.

तर निवड. एक इंची खाच, एकच रिटर्न आणि वेग चारशेच्या वर असेल तर मर्व्ह ८ घ्या. तो कॉइल स्वच्छ ठेवतो, आणि फिल्टरचं मूळ काम तेच. धुरासाठी झोपायच्या खोलीत वेगळा हेपा प्युरिफायर ठेवा. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग. वेग तीनशेच्या जवळ असेल तर मर्व्ह ११ चालेल, महिन्या-दीड महिन्याने बघत जा. ११ हा तडजोडीचा फिल्टर आहे, मला तो फारसा पटत नाही: धुराचं काम अर्धवट करतो आणि अडथळा मात्र वाढवतोच.

घर स्वतःचं आणि १३ हवाच असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या. तोंडाचं माप तेच राहिलं तरी आत घड्या खोल असल्याने कागद दोन-तीन पट तरी जास्त मिळतो, आणि प्रत्येक इंच कागदातून हवा सावकाश जाते. आमच्याकडे युनिटजवळ पत्रा कापून ती बसवली आणि छतातल्या जाळीमागचा फिल्टर कायमचा काढला. हे विसरून दोन्हीकडे फिल्टर ठेवणारे बरेच असतात. चार इंची मर्व्ह १३ वर कोरा असताना ०.१६ आला, म्हणजे जुन्या मर्व्ह ८ एवढाच. पाहुण्यांच्या खोलीचे व्हेंट उघडले. रिटर्न ७६, व्हेंट ५६.