टाइल उचलून दाखवणारी चप्पल आणि मोडलेलं मनगट

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या हॉस्टेलांच्या दाराशी बाथरूमच्या चपला विकणारे येऊ लागतात. परळच्या आमच्या वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये अशाच एका माणसाने जवळजवळ आख्ख्या मजल्याला ‘अँटी-स्किड, अँटी-फंगल’ चपला विकल्या. त्या घालून माझी रूममेट बाथरूममध्ये पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तिघीचौघींच्या पायांना चिखल्या झाल्या त्या वेगळ्याच. हा माणूस, किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी, आत्ताही कुठल्या तरी गेटवर उभा असेल, म्हणून त्याची युक्ती नीट उलगडून सांगते.

त्याच्याजवळ एक चकचकीत पांढरी टाइल आणि पाण्याची बाटली असायची. टाइलवर पाणी ओतायचं, चप्पल तिच्यावर दाबायची आणि वर उचलायची. चपलेबरोबर टाइलही उचलली जायची. “बघा ताई, ओल्या लादीवर एवढी पकड आहे, तुम्ही घसरालच कशा?” समोर बघताना कुणालाही पटावं असंच ते होतं. जोडी २९९ रुपयांची, सगळ्या मिळून घेतल्या तर २५०. पैसे यूपीआयने घेतले, बिल दिलं नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी काहीच नव्हतं, होतं फक्त हिरवं पान आणि ‘मेडिकेटेड’ हा शब्द.

आता त्या टाइलचं. चपलेच्या तळाला रबरी वाट्या होत्या, भिंतीला चिकटवायच्या हुकच्या मागे असते तशी प्रत्येक वाटी. दाबल्यावर वाटीतली हवा निघून जाते, बाहेरच्या हवेचा दाब तिला धरून ठेवतो आणि पाण्यामुळे कडा आणखी घट्ट बसतात. म्हणून टाइल सरळ वर उचलली जाते. पण आपण घसरतो ते आडवे. चालताना आधी टाच टेकते, तीही तिरकी, आणि सगळं वजन पुढे सरकत असतं. तेव्हा वाटी बसायला वेळच मिळत नाही. उलट तिच्यात साबणाचं पाणी अडकतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि चप्पल त्या पाण्याच्या थरावर तरंगत पुढे जाते. तीच टाइल त्याने आडवी ओढून दाखवली असती तर एकही जोडी विकली गेली नसती.

आमच्या बाथरूममध्ये पूर्वी शहाबादी फरशी होती, खरखरीत, पाय धरून ठेवणारी. नूतनीकरणात तिथे गुळगुळीत टाइल्स आल्या. रविवारी सकाळी तिथे केसांचं तेल आणि कंडिशनर वाहतं, कोपऱ्यात कुणीतरी कपडे भिजवलेले असतात. रूममेट आंघोळ करून बाहेर पडताना टाच पुढे सरकली, तिने सावरायला हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. तिचं काम दिवसभर टायपिंगचं, त्यामुळे बिनपगारी रजा.

त्या संध्याकाळी मी ती चप्पल स्वयंपाकघरातल्या सुरीने उभी कापली. पाय ठेवायच्या वरच्या थराला गोल भोकं होती, त्यांनाच तो ‘पाणी निघून जायची सोय’ म्हणाला होता. ती भोकं खालपर्यंत गेलेलीच नव्हती! वरचा भोकांचा मऊ थर खालच्या सलग तळावर नुसता चिकटवलेला होता. दोन्हींच्या मध्ये काळपट बुळबुळीत पाणी साचलं होतं, त्यात केस आणि साबणाचा गाळ, वास असा की तुकडे गॅलरीत ठेवावे लागले. रबरी वाट्या सोडल्या तर तळ कडक प्लॅस्टिकचा, टाचेवर नख दाबलं तरी खूण उठत नव्हती.

चिखल्या म्हणजे बुरशीचा संसर्ग, आणि तो फोफावला याच साचलेल्या पाण्याने. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, भिजल्यासारखी फुगते, मग चिरते आणि आग होते. ही बुरशी पायांच्या कातडीच्या बारीक कणांबरोबर सामायिक बाथरूमच्या ओल्या लादीवर पसरते. चप्पल घालायची ती पाय लादीला लागू नये म्हणून. पण चप्पलच पाणी धरून बसली तर बोटांची बेचकी सुकतच नाहीत आणि बुरशीला हवं ते आयतं मिळतं. एकीने मेडिकलवरून विचारून ट्यूब आणली, त्यात स्टेरॉइड होतं. खाज दोन दिवसांत थांबली आणि लाली पावलावर पसरली. त्वचेच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशीच निघाली. ती ट्यूब बंद करून नुसतं बुरशीवरचं मलम दिलं, आणि बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायला बजावलं.

आता चप्पल घेताना आम्ही काय बघतो ते सांगते. आधी ती ट्यूबलाइटसमोर धरायची. भोकातून उजेड आरपार दिसला पाहिजे. एवढ्यावर थांबायचं नाही, कारण तळ सपाट असेल तर आरपार भोकही लादीला टेकून बंद होतं. म्हणून तळाला भोकापासून कडेपर्यंत जाणाऱ्या खाचा हव्यात. त्याच खाचा पायाखालचं पाणी बाहेर ढकलतात आणि पकड येते. खाचांच्या कडा धारदार हव्यात आणि तळ नखाने दाबला तर दबून परत वर यायला हवा. मग दुकानदाराला विचारून लादीवर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे, एका हाताने काउंटर धरायचा आणि चप्पल घातलेला पाय पुढे ढकलून बघायचा. सहज सरकला तर जोडी परत ठेवायची. पाण्यात चप्पल तरंगवून दाखवणारेही भेटतात. तरंगते म्हणजे ती हलक्या फोमची आहे, एवढंच त्यातून कळतं.

चांगली चप्पलही कंडिशनर सांडलेल्या लादीवर घसरते, त्यामुळे आंघोळ झाल्यावर लादीवर दोन मग पाणी मारून निघायचं असं आम्ही ठरवलं आहे. चपला धुऊन भिंतीला उभ्या टेकवतो, पंख्याखाली. फोमच्या चपला कडक उन्हात आक्रसतात. टाचेखालच्या खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला की जोडी फेकायची, वरून कितीही नवी दिसू दे. आणि बोटांची बेचकी पुसल्याशिवाय मोजे घालायचे नाहीत, लोकलला उशीर झाला तरी.

त्या माणसाने पहिला फोन उचलला. “साबणावरून चाललात तर मी काय करू?” म्हणाला. बाथरूमची चप्पल विकणारा हे बोलतो याचा मला अजून राग येतो. पुढे फोन बंदच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आम्ही तक्रार केली आहे. बिल नसल्याने आमच्याकडे दाखवायला यूपीआयच्या पावत्या, पाकिटाचे फोटो, कापलेल्या चपलेचे फोटो आणि फ्रॅक्चरचे कागद आहेत. पावतीवरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं निघालं. तुमच्या हॉस्टेलमध्येही अशी जोडी कुणी घेतली असेल तर पावती जपून ठेवा, चप्पल फेकण्याआधी कापून फोटो काढा आणि तक्रार नोंदवा.