सभेचा लेखी सारांश देणारी सेवा, आठ महिन्यांनंतर: ते अकरा सेकंद कुठे गेले?

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाबद्दलच्या फेब्रुवारीच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "बांधकामाच्या मुदतीनंतरचं घरभाडं द्यायचं बिल्डरने मागच्या वेळी मान्य केलंय, मग ते करारनाम्याच्या मसुद्यात का नाही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि माझ्या वहीत लिहिलं, "मान्य नाही केलं गं. हसण्यावारी नेलं."

माझ्याकडे छापील सारांश होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: "मुदतीनंतरच्या भाड्याबाबत शंका उपस्थित झाली. विकासकाच्या प्रतिनिधीने भाडे देण्याचे मान्य केले." या दोन वाक्यांवर विसंबून मी वीस-बावीस घरांसमोर तोंडघशी पडले. हा अनुभव लिहायला बसले ते त्यामुळे. नाहीतर त्या सभेपर्यंत या सेवेला मी पाचपैकी साडेचार तारे दिले असते.

आधी माझी गरज काय ते सांगते. दोन्ही कानांना यंत्र आहे. समोर बसलेल्या एका माणसाचं बोलणं ओठ बघत मला कळतं. पण आमची इमारत नौपाड्यातली जुनी, सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत होते, आवाज भिंतींवर आपटून घुमतो. तिथे दहा फुटांपलीकडचं मला काही लागत नाही. पुनर्विकासाच्या गोष्टी चालू असताना असं बसून राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून ऑगस्टपासून ही सेवा घेतली. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग पाठवायचं, दोन दिवसांत पूर्ण लिखित संभाषण आणि दोन पानांचा सारांश मेलवर येतो. आधी यंत्र मजकूर काढतं, मग त्यांच्याकडचा माणूस सारांश लिहितो. दर मिनिटाला दहा रुपये. बिल्डर निवडायच्या सभेचं चित्रीकरण सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांप्रमाणे होतं, तिथे निदान चेहरे बघता येतात. बाकीच्या सगळ्या बैठकांना मात्र हा कागद हेच माझे कान.

शब्दांची अचूकता उत्तम आहे. कारपेट, कॉर्पस, ओसी हे पुनर्विकासातले शब्दही नीट येतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार त्या भाड्याच्या प्रश्नाची. घरी आल्यावर भाचीला बोलावलं, कानाला हेडफोन लावायला सांगितला आणि समोर जानेवारीच्या सभेची वेळा लिहिलेली फाईल उघडली. त्यात हे होतं:

```
412
00:41:07,200 --> 00:41:10,900
मुदत संपल्यावर भाडं कोण देणार?

413
00:41:22,100 --> 00:41:23,400
काकू, एवढा अविश्वास?
```

पहिलं वाक्य संपलं ४१ मिनिटं १०.९ सेकंदांनी आणि पुढचं सुरू झालं २२.१ ला. मध्ये ११.२ सेकंद. भाची ऐकत होती, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने दोन बोटं वर केली, थांबली, मग म्हणाली, "मावशी, नऊ सेकंद कोणीच बोलत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग बिल्डरचा माणूस हसतो, एकटाच. मग दोघं-तिघं हसतात. काकू नाही हसत." त्यानंतर तो म्हणतो, "देऊ की, तशी वेळच येणार नाही."

"देऊ की" हे दोन शब्द सारांशात "मान्य केले" झाले. शब्दांपुरतं पाहिलं तर चूक नाही. पण ज्याला ऐकू येतं त्याने ती नऊ सेकंदांची शांतता आणि ते हसणं ऐकून "देऊ की"चं वजन तिथल्या तिथे ओळखलं. मला ते वजन कोणी दिलंच नाही. सरळ प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस एवढा का थांबला, हा त्या सभेतला सगळ्यात मोठा मुद्दा होता.

आपण बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती कमी वेळ लागतो, हे मी त्यानंतर वाचलं. २००९ साली दहा भाषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. नकार किंवा टाळाटाळ यायची असेल तर उत्तर रेंगाळतं, हेही संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुष्कळ आधीपासून नोंदवलंय. सभा म्हणजे दोघांच्या गप्पा नव्हेत, तिथे थोडा उशीर होणारच. तरी नऊ सेकंद म्हणजे घड्याळ समोर धरून बघा, किती लांब असतात ते.

आणि माझा राग पैशांवरूनही आहे. ही सेवा रेकॉर्डिंगच्या एकूण मिनिटांवर पैसे घेते, बोललेल्या मिनिटांवर नाही. त्या ११ सेकंदांचे जवळजवळ दोन रुपये मी भरलेत. शांततेचे पैसे घेता तर शांतता कागदावर दिसली पाहिजे.

मी वेबसाईटवर तक्रार नोंदवली. उत्तर आलं, "आमचा प्रतिनिधी आपल्याला फोन करेल." तक्रारीच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की मला फोनवर ऐकू येत नाही. तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा मी कापला आणि तेच वाक्य मेलवर पाठवलं. चौथ्या दिवशी एका बाईंचं लेखी उत्तर आलं. त्यांनी मनापासून लक्ष घातलं, हे सांगायलाच हवं.

मी त्यांना सांगितलं, हसणं, थांबणं, मध्येच तोडणं, सगळं दाखवा. मार्चच्या पहिल्या बैठकीचा कागद तसाच आला. दोन पानांचा सारांश पाच पानांचा झाला होता आणि त्यात "(हशा)" आणि "(विराम)" मिळून एकसष्ट वेळा. सेक्रेटरी चष्मा शोधतात तो विराम, चहा आला तो हशा. त्या गर्दीत कामाचा विराम मला शोधूनही सापडेना. इथे माझं मत बदललं. सगळं मागणं ही माझी चूक होती. सारांश म्हणजे निवड, आणि जिथे शब्दांचा अर्थ शांततेने किंवा हसण्याने बदलतो तिथेच तिची नोंद हवी.

त्याच कागदात आणखी एक गोष्ट खटकली. एके ठिकाणी लिहिलं होतं, "काकू उपहासाने हसल्या." भाचीने ऐकलं तर काकू आकडा विसरल्या होत्या आणि ओशाळून स्वतःशीच हसल्या होत्या. उपहास लिहिणाऱ्याच्या मनातला. मला रेकॉर्डिंग ऐकून पडताळता येत नाही, त्यामुळे असं एक विशेषण माझ्या डोक्यात पक्कं बसतं. जिना चढताना दोन दिवस मी काकूंशी जरा तुटक वागले, ते त्या एका शब्दापायी.

मग त्या बाईंना मी लेखी कळवलं, हसण्याला नाव देऊ नका, हसणं सांगा. कोण आधी हसलं, कशानंतर, कोण सामील झालं, कोण नाही, आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य काय. थेट प्रश्नानंतर तीन सेकंदांहून जास्त कोणी बोललं नाही तर सेकंदांसकट लिहा, आणि शांततेचं कारण ऐकू येत असेल, म्हणजे कागद चाळल्याचा आवाज वगैरे, तर तेही लिहा. बाकी सोडून द्या. तीन सेकंद हा आकडा मी आमच्या बैठकांच्या फायली बघून ठरवला. शाळेच्या वर्गाला किंवा घरच्या गप्पांना तो चालेलच असं नाही.

त्यांनी भाड्याचा तो भाग पुन्हा लिहून पाठवला, पैसे न घेता: "मुदतीनंतर भाडे कोण देणार, या प्रश्नानंतर नऊ सेकंद कोणी बोलले नाही. मग विकासकाचे प्रतिनिधी हसले, दोन-तीन सदस्य हसले, प्रश्न विचारणाऱ्या सदस्या हसल्या नाहीत. प्रतिनिधी म्हणाले, 'देऊ की, तशी वेळच येणार नाही.' लेखी देण्याबद्दल कोणी बोलले नाही." हे जानेवारीतच मिळालं असतं तर मी फेब्रुवारीत वेगळा प्रश्न विचारला असता. शेवटचं वाक्य तर मी मागितलंही नव्हतं, ते त्यांनी आपणहून घातलं.

एक खबरदारी सांगते, कारण यात मी फसले होते. फाईलमधल्या वेळा बघून विराम मोजायचा तर आधी त्या वेळा खऱ्या आहेत का ते बघा. डिसेंबरच्या फायलीत प्रत्येक वाक्य जिथे संपतं तिथेच पुढचं सुरू होत होतं, एकही फट नाही. मला वाटलं, काय झपाट्याने चर्चा झाली! प्रत्यक्षात ओळ पडद्यावर पुढची येईपर्यंत टिकावी म्हणून यंत्राने शेवटची वेळ ताणली होती. ओळखायची खूण सोपी आहे. "हो, बरोबर" या दोन शब्दांसमोर चौदा सेकंद दिसले, की ती शांतता त्या शब्दांच्या पोटात गेली असं समजा. आणि फट खरी असली तरी तिच्यात नुसती शांतता आहे की हसणं, हे वेळा सांगत नाहीत. त्याला ऐकणारा माणूसच लागतो.

मध्येच तोडण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. एकच मोबाईल, एकच माईक. दोघं एकदम बोलले की यंत्र दोघांचं मिळून एक वाक्य करतं आणि एकाच्या नावावर घालतं. मार्च अखेरीच्या कागदात काकूंच्या नावावर ही ओळ आहे: "मी मागच्या वेळी पण हेच म्हणत होते की पार्किंग आम्हाला मी त्या दिवशी आर्किटेक्टकडे जाऊन आलो." सुरुवातीला "होते", शेवटी "आलो". बाईचं वाक्य पुरुषाने संपवलंय. आपल्या क्रियापदांमुळे एवढं तरी उघड पडतं. दोघी बायका किंवा दोघे पुरुष असते तर मला सुगावाही लागला नसता. सारांशात या ओळीचं काय झालं? "पार्किंगबाबत आर्किटेक्टशी चर्चा झाल्याचे सांगण्यात आले." काकूंचं अर्धं वाक्य गेलं, ते कोणी तोडलं तेही गेलं.

हे मी कळवलंय. मेलवर. उत्तरात त्यांनी पुढच्या वेळी टेबलाच्या दोन टोकांना दोन मोबाईल ठेवून दोन्ही रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलंय, दोन्हींचे पैसे लावणार नाहीत असंही लिहून दिलंय. पुढची बैठक सव्वीस तारखेला आहे. दुसरा मोबाईल भाचीचा. वर्षभराच्या मिनिटांचे पैसे आगाऊ भरले तर सवलत मिळत होती, ते मी भरलेले नाहीत. एका महिन्याचेच भरलेत.