स्वयंपाकघरातल्या मांडणीवर मायक्रोग्रीन्स: दहा महिन्यांचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ठाण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोरच्या मांडणीवर मायक्रोग्रीन्स, म्हणजे पेरल्यावर आठवडाभरात कापून कच्ची खायची कोवळी रोपं, लावायला सुरुवात केली. मांडणी तीन फूट रुंद आणि एक फूट खोल. तिच्या तीन फळ्या मी यासाठी रिकाम्या केल्या: खालची अंधारासाठी, वरच्या दोन उजेडासाठी. ट्रे, दोन एलईडी ट्यूब, टायमर, वजनकाटा, कोकोपीटची पाच किलोची वीट आणि पहिलं बियाणं असं सगळं मिळून साडेतीन हजार रुपये लागले. खाद्यपदार्थ विकण्यासाठीची एफएसएसएआयची प्राथमिक नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत झाली. मी विकते ते शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमध्ये. मधुमेह सांभाळणारे काका-काकू, जिमला जाणारी मुलं आणि डब्यात काही ताजं हवं असणारी नोकरदार जोडपी हे माझे ग्राहक.

सगळ्यात खात्रीचा निघाला तो मुळा. दहा इंची चौकोनी ट्रेमध्ये बोटाच्या एका पेराएवढं ओलं कोकोपीट पसरायचं, त्यावर पंधरा ग्रॅम बी एकाला एक खेटून, पण एकावर एक न चढवता टाकायचं, आणि वर दुसरा ट्रे ठेवून त्यावर वजन द्यायचं. तीन दिवस अंधार, मग उजेड. सातव्या दिवशी पानं पूर्ण उघडतात आणि कापणीला ११० ग्रॅमच्या आसपास माल मिळतो. बियाणं मात्र शेतीच्या दुकानातलं गुलाबी-निळं रंगवलेलं घ्यायचं नाही. तो रंग औषध लावल्याची खूण असतो, आणि आपण हे रोप आठवड्यातच कच्चं खाणार असतो. सूर्यफुलाची चव सगळ्यांना आवडली, पण प्रत्येक पानाला अडकलेलं टरफल काढण्यात एका ट्रेमागे अर्धा तास जायचा, म्हणून दोन महिन्यांत ते बंद केलं.

मेथीचा अनुभव वेगळा आहे. पहिला डबा हातात घेताच पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही तर समुद्रमेथी!" खरंच आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत वाढवलेली ती बोटभर मेथी, छोट्या जुड्यांनी बाजारात येते, ती आपण या नव्या नावाच्या कितीतरी आधीपासून खात आलो आहोत. त्यामुळे मेथीला साठ रुपये द्यायला कोणी तयार होत नाही. मुळा आणि मोहरीला देतात, कारण ते असे कोवळे आसपास दुसरीकडे मिळत नाहीत.

आता फेब्रुवारीचा हिशेब सांगते, कारण तो महिना सगळ्यात सुरळीत गेला. एका ट्रेला बी नऊ रुपयांचं, कोकोपीट सहा रुपयांचं आणि वीज पाच रुपयांची, म्हणजे वीस रुपये. वीस वॅटच्या दोन ट्यूब रोज बारा तास चालल्या की महिन्याला साधारण चौदा युनिट होतात, त्यांचं बिल सगळ्या ट्रेंवर वाटून हे पाच रुपये धरले आहेत. महिन्यात २८ ट्रे पेरले, २५ चांगले निघाले, त्यांतून पन्नास-पन्नास ग्रॅमचे ५० डबे भरले. रिकामा डबा लेबलसकट पाच रुपयांना पडतो. खर्च झाला ५६० अधिक २५०, म्हणजे ८१० रुपये. साठ रुपयांनी ४६ डबे गेले, २७६० आले, हातात १९५० राहिले. रोजची पन्नास मिनिटं धरली तर महिन्याचे तेवीस-चोवीस तास होतात. तासाला ऐंशीच्या थोडं वर. घर चालेल एवढं हे उत्पन्न नाही, आणि मला तरी याच फळ्यांवर यापेक्षा फार वाढवता आलेलं नाही.

या हिशेबात बी आणि वीज फार बोचत नाहीत. बोचतात ते न गेलेले डबे. सातव्या दिवशी तयार झालेला मुळा दहाव्या दिवशी देठाला चिवट होतो, खरी पानं फुटायला लागतात आणि त्यांची लव जिभेला लागते. सुरुवातीला मी जागा रिकामी दिसली की पेरायचे. आता मंगळवार आणि शुक्रवार हे दोनच वाटपाचे दिवस ठेवले आहेत आणि मागणी आली तेवढेच ट्रे बरोबर सात दिवस आधी पेरते.

डिसेंबरमध्ये एका नेहमीच्या काकांनी डबा परत आणून माझ्यापुढे उघडला. "बघ, तिसऱ्या दिवशीच वास." तळाची पानं गडद हिरवी होऊन चिकटली होती. त्या दिवशी सकाळी मी वरून पाणी फवारलं होतं आणि तासाभरात कापणी केली होती. तेव्हापासून कापणीच्या आदल्या संध्याकाळनंतर पाणी देत नाही, पाणी देते तेही खालच्या ट्रेमधून, आणि डब्याच्या तळाशी टिश्यू पेपर घालते. धुवायचं ते खाताना, हे लेबलवरच लिहिते. असे डबे फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतात. काकांना पुढचे दोन डबे मी पैसे न घेता दिले, ते अजून घेतात.

पावसाळा मात्र कठीण आहे. जुलैत २४ पैकी ९ ट्रे बुरशीने गेले. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण मुळ्याच्या कोवळ्या मुळांनाही पांढरी लव येते. पाणी फवारलं की ती लव दिसेनाशी होते आणि ती फक्त मुळालाच असते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी या रोपावरून त्या रोपावर जाते, पाण्याने जात नाही, कोंदट वास येतो आणि देठ बुडाशी तपकिरी होऊन रोप आडवं पडतं. असा ट्रे मी अख्खा टाकते, चांगला कोपरासुद्धा कापून विकत नाही. आता पावसाळ्यात बी अकरा ग्रॅमच टाकते, अंधार दोनच दिवस, आणि छोटा पंखा सतत मंद चालू. नुकसान थांबलं, पण माल ८५ ग्रॅमवर आला, म्हणून चाळीस ग्रॅमचा डबा पन्नास रुपयांना केला.

मी मोडही विकते, त्यांचं थोडक्यात सांगते. किलोभर मटकीचे सव्वादोन किलो मोड होतात. मटकी १२० रुपयांची, दोनशे ग्रॅमच्या अकरा पिशव्या तीस रुपयांनी जातात, मटकी आणि पिशव्यांचा खर्च वजा जाता किलोमागे जेमतेम १६५ उरतात. आपल्याकडे मोड काढणं घरोघरी येतं, त्यामुळे घेतात ते फक्त वेळ नसलेले लोक. ते उसळ करतात, म्हणजे मोड शिजतात, आणि माझा आग्रहही तोच आहे. मोड ज्या उबेत आणि ओलीत येतात तिथेच जंतूही वाढतात आणि बियांतच असले तर वरून धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय हा जंतू पसरून पन्नासहून अधिक माणसं दगावली. म्हणून कच्च्या सॅलडसाठी मिश्र मोड विकणं मी मार्चमध्ये बंद केलं. गरोदर बायका आणि लहान मुलं असलेल्या घरी मोड देताना शिजवूनच खा, असं तोंडी सांगते.

आणखी एक गोष्ट मी आता ग्राहकांना विचारते, औषधं कोणती चालू आहेत. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवू नये, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या परिणामाआड येतं. अशा दोन घरांना मी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. एक घर परत आलं, दुसरं आलं नाही.

सध्या सतरा घरं आहेत. त्यांतल्या पाच घरी मी कापलेला डबा न देता अख्खा ट्रेच देते, पन्नास रुपये अनामत ठेवून. ते रोज लागेल तेवढं कात्रीने कापतात, माझा डबा वाचतो आणि वास येण्याची तक्रार एकदाही आली नाही. येत्या मंगळवारसाठी सात ट्रे पेरले आहेत, त्यांतले तीन असेच जाणार आहेत.