जुनी बिलं काढून दागिन्यांचा खरा परतावा मोजला: मजुरीपेक्षा मोड महाग पडते

जुना दागिना देऊन नवा घेताना, म्हणजे मोड देताना, सराफाच्या पावतीवर "एक्सचेंजला शंभर टक्के किंमत" असं लिहिलेलं असतं, आणि नवा दागिना घरी आणून वजन केलं तर काट्यावर जुन्यापेक्षा कमी ग्रॅम दिसतात. हा अनुभव जुने दागिने बदलणाऱ्या बहुतेक घरांत आहे. म्हणून वीसेक वर्षांची बिलं समोर ठेवून हिशोब केला. बावीस कॅरेट, ९१६, हॉलमार्क वगैरे सगळ्यांना माहीत आहे असं धरून पुढे जातो.

आधी बिल नीट वाचायला हवं. खूप जुन्या बिलांत मजुरी ग्रॅममागे असते आणि "घट", म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वजनातच मिळवलेली असते. ३० ग्रॅमच्या माळेवर दहा टक्के घट लावली असेल, तर बिलात ३३ ग्रॅम दिसतात. पुढे काट्यावर ३० भरले की सोनं चोरीला गेल्यासारखं वाटतं, पण ते तीन ग्रॅम दागिन्यात कधी नव्हतेच. नव्या बिलांत घट आणि मजुरी एकत्र करून टक्केवारी लावतात. टक्केवारीची गंमत अशी की भाव दुप्पट झाला की मजुरीही दुप्पट होते, कारागिराचं काम तेवढंच असलं तरी. खड्यांच्या दागिन्यात एकूण वजन आणि निव्वळ वजन हे दोन आकडे वेगळे असतात. हिशोब निव्वळ वजनावर करायचा.

आता दोन बिलं. विक्रीचा भाव दोन्हींसाठी २०२५ मधला, बावीस कॅरेटला ग्रॅममागे ९,००० रुपये धरलाय, आणि विकताना दुकानानं दोन टक्के कापले असं मानलंय. आज भाव वेगळा असेल तर तेवढा आकडा बदला.

पहिलं बिल २०१३ चं, ३० ग्रॅमची मोहनमाळ. भाव २,७००, मजुरी चौदा टक्के, वर एक टक्का व्हॅट; एकूण ९३,२६३ रुपये. विकताना हातात येतात २,६४,६००. बारा वर्षांत वर्षाला साधारण ९.१ टक्के पडतात. नुसता सोन्याचा भाव त्याच काळात वर्षाला १०.५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे मजुरी, कर आणि कपात मिळून वर्षाला दीड टक्का गेला.

दुसरं बिल २०२१ चं, खड्यांचा हार. निव्वळ सोनं १३.८ ग्रॅम, भाव ४,५००, मजुरी अठरा टक्के, खडे ३,००० रुपये, तीन टक्के जीएसटी, एकूण ७८,५६६. विकताना खड्यांचे शून्य, सोन्याचे १,२१,७१६. वर्षाला साडेअकरा टक्के. ऐकायला माळेपेक्षा बरं वाटतं, पण याच चार वर्षांत भाव वर्षाला जवळपास एकोणीस टक्क्यांनी चढला होता. साडेसात टक्के वाटेत गळाले.

इथपर्यंत मजुरीच चोर वाटते. पण मजुरी एकदाच जाते आणि माळ जितकी वर्षं कपाटात राहील तितकी ती पातळ होत जाते. खरा खड्डा मोडीत आहे. त्याच मोहनमाळेची समजा मोड दिली, दुकानानं खरोखर शंभर टक्के किंमत धरली, एक पैसाही कापला नाही. नव्या दागिन्यावर चौदा टक्के मजुरी आणि तीन टक्के जीएसटी लागतो. वरून रोख न घालता ३० ग्रॅमच्या जागी २५.५ ग्रॅम मिळतात. काही वर्षांनी डिझाइन जुनं झालं म्हणून पुन्हा तेच केलं तर २१.८. दोन मोडींत आठ ग्रॅम गेले, आणि दोन्ही पावत्यांवर "शंभर टक्के" छापलेलं होतं. याच माळेचा परतावा मग ९.१ वरून ६.२ टक्क्यांवर येतो. म्हणून मोडीचा हिशोब रुपयांत करूच नये. भाव चढलेला असल्यामुळे रुपयांत सगळं वाढलेलंच दिसतं. तूट दिसते ती फक्त ग्रॅममध्ये.

सगळ्या बिलांचा एकत्र परतावा काढायचा तर शीटमध्ये एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा: खरेदी उणे, आजची हातात येणारी किंमत अधिक, तारीख आजची.

```
=XIRR(B2:B9, A2:A9)
```

मोड दिली असेल तिथे नव्या बिलाची पूर्ण रक्कम लिहू नका. वरून दिलेली रोख तेवढीच उणे लिहायची, कारण जुन्या सोन्याचे पैसे पहिल्या बिलात आलेलेच आहेत. ही चूक झाली की परतावा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

विकतानाची कपात दोन टक्केच का धरली? हॉलमार्कच्या, बिनखड्यांच्या दागिन्याला तेवढ्यात भागू शकतं. जुन्याला नाही, आणि त्यात दर वेळी सराफाची लबाडीच असते असंही नाही. टंच, म्हणजे शंभरात चोख सोनं किती, ते काढायचं मशीन पृष्ठभाग वाचतं. डाखावर, म्हणजे सांधा जोडलेल्या जागी, धरलं तर टंच कमी येतो, मुलामा असेल तर जास्त. म्हणून तीन ठिकाणी धरायला सांगा, त्यातलं एक सपाट, बिनडाखाची जागा. गोठ, तोड्यांत लाख असते, मंगळसूत्रात काळे मणी. हे आटवल्यावर जळून किंवा निघून जातं आणि वजन घटतं. आटवण्याआधी वजन, टंच आणि कोणता भाव लावणार हे कागदावर घ्या, कारण लगड झाली की दागिना परत मिळत नाही आणि घासाघीस तिथेच संपते.

लगडीचा हिशोब सरळ आहे: वजन गुणिले टंच, गुणिले चोख सोन्याचा भाव. १९ ग्रॅमची लगड आणि टंच ८८ आला तर चोख सोनं १६.७२ ग्रॅम. अशुद्धतेचे पैसे इथे कापले गेलेच. त्यावर पुन्हा "जुनं सोनं" म्हणून चार-पाच टक्के घट लावली तर तीच गोष्ट दोनदा कापली जातेय, आणि भांडायचं ते इथे. फलकावरच्या भावापेक्षा मोडीचा भाव वेगळा असेल तर तोही आधीच विचारा. काही ठिकाणी कपात शून्य सांगतात आणि भावातच कापतात.

हॉलमार्क असून टंच कमी आला तर गप्प बसू नये. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय नवा हॉलमार्क दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत शुद्धता कमी भरल्यास तुटीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. जुन्या हॉलमार्कला हा क्रमांक नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही.

करासाठीही तेच बिल लागतं. मोड देणं हीसुद्धा कायद्यानं विक्रीच. २३ जुलै २०२४ पासून, चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर महागाईची वजावट न देता साडेबारा टक्के कर आहे. बिलातली मजुरी खरेदी किमतीत धरली जाते. आईकडून आलेल्या दागिन्याला आईचं बिल आणि आईची खरेदी तारीख चालते; १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर त्या दिवशीची बाजारभाव किंमत घेता येते. थर्मल कागदावरची बिलं काही वर्षांत कोरी होतात, त्यांचे फोटो आजच काढून ठेवा.