रीलमधला ‘उलटा धबधबा’ नेमका कुठला? गुगल मॅप्स, गुगल अर्थ आणि ओपनटोपोमॅपची तुलना

पावसाळा सुरू झाला की कड्यावरून खाली पडायच्या ऐवजी वर उडणाऱ्या पाण्याची रील फिरू लागते. खाली ठिकाण म्हणून नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं असतं, नाहीतर सरळ चुकीचं नाव. असा धबधबा एकच नाही. जुन्नरजवळचा नाणेघाट, पाटण तालुक्यातलं सडावाघापूर आणि आंबोलीजवळचा कावळेसाद ही तिन्ही ठिकाणं याच नावाने ओळखली जातात. पश्चिमेकडे तोंड असलेला उभा कडा आणि कोकणातून चढून येणारा जोरदार वारा जिथे एकत्र येतात, तिथे हा प्रकार दिसतो. म्हणून पाण्याकडे बघून ठिकाण ठरत नाही, पाण्यामागचे डोंगर बघावे लागतात.

रील थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. पाण्याच्या जवळून घेतलेली फ्रेम फारशी उपयोगाची नसते. कॅमेरा वळताना आकाशरेषा दिसते, ती फ्रेम हवी. सडावाघापूरच्या परिसरात पवनचक्क्या आहेत आणि कावळेसादला कड्यालगत रेलिंग आहे. यापैकी काही दिसलं तर यादी लगेच लहान होते. काहीच दिसलं नाही, पण डावीकडे सपाट माथ्याचा किल्ला आणि त्याला लागून उभा सुळका दिसतोय असं समजू. आता हे पडताळायला तीनपैकी कोणता नकाशा घ्यायचा?

गुगल मॅप्स : उमेदवार शोधायला चांगला, निकाल द्यायला नाही

फोनवर असतोच, आणि लोकांनी टाकलेले फोटो ही त्याची खरी ताकद. नाणेघाटाच्या पिनवरचे फोटो चाळले की जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका ओळखीचा होतो. जुलै-ऑगस्टमधले फोटो आधी बघा, कारण उन्हाळ्यातला तोच कडा तपकिरी आणि वेगळाच दिसतो.

भरवसा मात्र पिनवर ठेवू नये. पिन कोणीही टाकू शकतं, त्यामुळे ‘रिव्हर्स वॉटरफॉल’ नावाची पिन पार्किंगवर, टपरीवर किंवा भलत्याच ओढ्यावर सापडू शकते. घाटमाथ्यावर रेंज नसते, म्हणून बरेच जण घरी पोचल्यावर फोटो चढवतात आणि आठवेल त्या ठिकाणाला जोडतात. उपग्रह चित्रात धबधबा शोधणंही व्यर्थ, कारण स्वच्छ चित्रं बहुधा ढग नसलेल्या कोरड्या महिन्यांतली असतात. तिथे पाण्याच्या जागी खडकातली एक काळपट घळ दिसते. स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ मध्ये पुणे, मुंबई, नाशिक, अहमदनगर धरून दहा शहरांत सुरू झाला. रस्त्यासाठी तो ठीक, कड्याच्या टोकावर त्याची आशा नको.

गुगल अर्थ : निकाल इथे लागतो

संगणकावरचं गुगल अर्थ प्रो फुकट आहे आणि या कामात माझ्या मते त्याला तोड नाही, कारण कॅमेरा जिथे होता तिथे तुम्हाला उभं राहता येतं. नाणेघाटावर जा, उजवीकडच्या नियंत्रणांतला पिवळा माणूस कड्याजवळ सोडा आणि जमिनीलगतचं दृश्य उघडा. आता पश्चिमेकडे, म्हणजे कोकणाकडे तोंड करा. डाव्या हाताला दक्षिणेकडे जीवधन आणि उजव्या हाताला नानाचा अंगठा यायला हवा. स्क्रीनशॉट शेजारी ठेवून फक्त आकाशरेषा जुळवा: माथा कुठे सपाट आहे, खिंड कुठे पडते, मागची रांग कुठे झाकली जाते. अशा तीन खुणा जुळल्या तर जागा बरोबर. एकच शिखर जुळणं हा पुरावा नाही, सह्याद्रीत सपाट माथ्याच्या डोंगरांची काय कमी!

इथे तीन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे आरशातली रील. बऱ्याचदा व्हिडिओ उलटवून टाकलेला असतो. मग कोकणाकडे बघताना जीवधन उजवीकडे दिसतो आणि नाणेघाट उगाचच बाद होतो. टी-शर्टवरची किंवा पाटीवरची अक्षरं तपासा. अक्षरं नसतील तर स्क्रीनशॉट आडवा उलटवून दोन्ही बाजूंनी जुळवून बघा.

दुसरी लेन्स. ०.५ वर घेतलेल्या चित्रात जवळचा कडा अवाढव्य आणि मागचा किल्ला टेकडीएवढा दिसतो. त्यामुळे आकाराची तुलना करू नका, शिखरांचा क्रम आणि त्यांच्यातल्या अंतरांचं प्रमाण बघा.

तिसरी खुद्द अर्थची मर्यादा. दुर्गम भागातलं त्याचं भूरूप ढोबळ जाळीवर बेतलेलं असतं, त्यामुळे वानरलिंगीसारखा बारीक सुळका तिथे बोथट उंचवटा होतो किंवा शेजारच्या कड्यात विरून जातो. सुळका दिसला नाही म्हणून जागा चूक ठरवू नये. सेटिंगमधलं ‘Elevation Exaggeration’ मात्र १ वरच ठेवा, वाढवलंत तर साधी टेकडीही किल्ल्यासारखी भासते.

सावल्यांवरून दिशा काढायची युक्ती पावसाळी रीलमध्ये क्वचितच चालते, कारण सूर्यच नसतो. आणि असला तरी जपून: नाणेघाटाच्या अक्षांशावर साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते.

ओपनटोपोमॅप : पोचायचं कसं, हे सांगणारा

फोटो नाहीत, त्रिमिती नाही, पण समोच्चरेषा आहेत. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. जागा सापडल्यावर हाच नकाशा उघडावा, कारण या धबधब्यांच्या बाबतीत ठिकाण बरोबर असूनही रस्ता चुकू शकतो. पिन कड्याच्या ओठावर असली तरी मार्गदर्शन पिनच्या सर्वांत जवळच्या रस्त्यापर्यंतच नेतं, आणि सरळ रेषेत जवळचा रस्ता कड्याखालचा असू शकतो. नाणेघाटाला वैशाखरेहून, म्हणजे कल्याण-नगर महामार्गावरून, पायी चढून जाता येतं. गाडी माथ्यावर न्यायची तर जुन्नरहून घाटघरमार्गे यावं लागतं, जुन्नरपासून तीसेक किलोमीटर. नकाशावर दोन्ही टोकं जवळ दिसतात, मध्ये शेकडो मीटरची उभी चढण असते.

हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या माहितीसाठ्यावर बेतलेला आहे, आणि त्या साठ्याला थेट प्रश्नही विचारता येतो. सडावाघापूरचा संशय असेल तर पाटणच्या आसपास नोंदलेल्या पवनचक्क्या overpass-turbo.eu वर अशा मिळतात:

```
[out:json];
node["generator:source"="wind"]
  (around:20000,17.37,73.90);
out;
```

आलेले बिंदू आणि रीलमधल्या पात्यांची रांग ताडून बघा. नोंद स्वयंसेवकांनी केलेली असते, त्यामुळे बिंदू आला तर उपयोग, नाही आला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

फक्त फोन असेल तर मॅप्समधल्या फोटोंवरून उमेदवार ठरवा आणि ओपनटोपोमॅपवर कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. पूर्वाभिमुख कडा निघाला तर ते ठिकाण बाद. कुटुंब घेऊन दीडशे-दोनशे किलोमीटर जायचं असेल तर अर्थवर अर्धा तास घालवावाच.

जागा पक्की झाल्यावर सोबत्यांना पिनचं नाव न पाठवता अक्षांश-रेखांश पाठवा, आणि दशांशानंतर निदान चार आकडे ठेवा. चार आकड्यांत चूक दहाएक मीटरच्या आत राहते. ‘१९.२९, ७३.६८’ असे दोनच पाठवले तर जागा अर्ध्या किलोमीटरहूनही जास्त सरकू शकते, आणि घाटाच्या ओठावर तेवढ्या अंतरात पठारही येतं आणि कड्याचा पायथाही.